'मुलगा पुण्याचा असावा': मस्ट, मे, कॅन आणि शुड यांचे दोन अर्थ

वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर 'अपेक्षा' असा एक रकाना असतो. त्यात कुणीतरी लिहिलेलं असतं, "मुलगा पुण्याचा असावा." आता दुसरा प्रसंग बघा. लग्नाच्या मांडवात एक अनोळखी तरुण कुणाशी तरी बोलतोय. त्याचं बोलणं कानावर पडतं आणि मावशी शेजारी बसलेल्या वहिनींना हळूच म्हणतात, "मुलगा पुण्याचा असावा." दोन्ही वाक्यं अक्षर न अक्षर सारखी आहेत, पण पहिल्यात अट आहे आणि दुसऱ्यात अंदाज.

हा फरक पक्का ओळखायची एक सोपी कसोटी आहे. मुलगा प्रत्यक्षात नाशिकचा निघाला असं समजा. फॉर्मवरचं वाक्य त्यामुळे चूक ठरत नाही. मुलगा अटीत बसला नाही, एवढंच होतं. अपेक्षा होती तशीच कागदावर राहते. मावशींचं वाक्य मात्र चुकतं, आणि त्या स्वतःच म्हणतात, "अगोबाई, मला वाटलं पुण्याचा." वस्तुस्थिती आणि वाक्य जुळत नसतील, तर अटीच्या वाक्यात कमतरता वस्तुस्थितीची धरली जाते आणि अंदाजाच्या वाक्यात ती वाक्याची धरली जाते.

इंग्रजीत मस्ट, मे, कॅन, शुड ही जी क्रियापदं आपण शाळेत पाठ केली, त्यांना व्याकरणात मोडल म्हणतात. त्यांच्याबाबत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नेमका इथे. "रमेश मस्ट बी इन द ऑफिस" याचा अर्थ 'रमेशनं ऑफिसात असलंच पाहिजे' असा होतो, आणि 'रमेश ऑफिसातच असणार' असाही होतो. पहिल्याला भाषाशास्त्रात डीऑन्टिक अर्थ म्हणतात. ग्रीकमध्ये 'डेऑन' म्हणजे बांधील असलेलं, करायला हवं असं. दुसऱ्याला एपिस्टेमिक म्हणतात, कारण 'एपिस्टेमे' म्हणजे ज्ञान. फिनलंडचे तत्त्वज्ञ गेओर्ग हेन्रिक फॉन रिख्त यांनी 1951 साली ही विभागणी तर्कशास्त्रात नीट मांडली, आणि पुढे व्याकरणानंही ती उचलली. मी इथे पहिल्याला 'बंधनाचा अर्थ' म्हणेन आणि दुसऱ्याला 'अंदाजाचा अर्थ'. बंधनाच्या बाजूला हुकूम, नियम, सल्ला आणि परवानगी हे सगळं येतं. अंदाजाच्या बाजूला खात्री, शक्यता आणि शंका येतात.

शाळेत आपल्याला मस्ट म्हणजे 'पाहिजे', मे म्हणजे 'परवानगी किंवा शक्यता', कॅन म्हणजे 'शकणे' असं शिकवलं गेलं. त्यात चूक काही नव्हती, पण ते अर्धवट होतं. एका शब्दाला दोन अर्थ आहेत एवढं सांगून भागत नाही. वाक्यात 'नाही' आलं किंवा काळ बदलला, की हे दोन अर्थ वेगवेगळ्या वाटांनी जातात, आणि मराठी माणसाची इंग्रजी चुकते ती बहुतेक त्या वळणावर. म्हणून मी तिथेच जास्त वेळ थांबणार आहे.

आधी एक प्रश्न मिटवून घेऊ. बंधन आणि अंदाज या इतक्या वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात आल्याच कशा? जर्मन भाषाशास्त्रज्ञ अँगेलिका क्रॅट्झर यांनी 1977 साली याचं जे उत्तर मांडलं, ते मला आजही सगळ्यात समाधानकारक वाटतं. त्यांच्या मते मस्ट या शब्दाला अर्थ एकच आहे: 'अमुक गोष्टी धरून चाललं, तर हेच एक उरतं.' फरक पडतो तो 'अमुक गोष्टी' कोणत्या यात. ऑफिसचे नियम धरले, तर त्या नियमांत बसणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे रमेशनं ऑफिसात असणं. हे झालं बंधन. त्याऐवजी आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टी धरल्या, म्हणजे त्याची गाडी खाली उभी आहे, केबिनमधला दिवा चालू आहे, तरीही एकच गोष्ट उरते, ती म्हणजे रमेश ऑफिसात आहे. हा झाला अंदाज. मे याच्या अर्थातही तसंच आहे. 'अमुक गोष्टी धरल्या, तर याला आडकाठी नाही.' नियमांची आडकाठी नसेल तर ती परवानगी होते, माहितीची आडकाठी नसेल तर ती शक्यता होते.

आपण रोज बोलताना ही 'धरलेली गोष्ट' उच्चारत नाही. ऐकणारा ती प्रसंगावरून भरून घेतो. फॉर्मचा रकाना दिसला की आपण वधूपक्षाची इच्छा धरतो, मांडव दिसला की मावशींच्या कानावर पडलेलं बोलणं धरतो.

मराठीत हे कसं चालतं ते थोडं खोलात बघण्यासारखं आहे, कारण आपल्या भाषेनं इथे एक सुरेख सोय करून ठेवली आहे. "त्यानं घरी असावं" आणि "तो घरी असावा" ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात कर्त्याला 'नं' लागलाय आणि क्रियापद 'असावं' असं तटस्थ झालंय. ऐकणाऱ्याला त्यात अंदाज दिसतच नाही, फक्त बंधन दिसतं. दुसऱ्यात 'तो' मोकळा आहे, क्रियापद त्याच्याशी जुळून 'असावा' झालंय, आणि कानाला आधी अंदाजच ऐकू येतो. म्हणजे इंग्रजीत जे काम संदर्भावर सोडलेलं असतं, ते मराठी पुष्कळदा एका प्रत्ययावर भागवते.

मग फॉर्मवरचं "मुलगा पुण्याचा असावा" यात 'नं' नसताना बंधनाचा अर्थ कुठून आला? त्याचं कारण असं की ती आज्ञा मुलाला केलेली नाही. कोणत्या प्रकारचा मुलगा हवा आहे, याचं ते वर्णन आहे. "मुलानं पुण्याचं असावं" असं कुणी लिहीत नाही, कारण पुण्याचं असणं ही मुलानं उठून करायची गोष्ट नव्हे. 'नं' येतो तिथे कुणावर तरी जबाबदारी टाकलेली असते: "मुलानं वेळेवर यावं," "मुलानं हुंडा मागू नये." जबाबदारी कुणावरच न टाकता नुसती परिस्थिती हवी असेल, तर कर्ता मोकळा राहतो: "घर हवेशीर असावं," "दिवस चांगला जावा." आणि कर्ता मोकळा राहिला की अंदाजाचा अर्थही त्याच दारातून आत येतो.

हा 'आवा' आला आहे संस्कृतच्या 'तव्य' प्रत्ययातून. 'कर्तव्य' आणि 'करावं' ही एकाच घरातली भावंडं आहेत. संस्कृतात 'तेन कर्तव्यम्' असं म्हणताना कर्ता तृतीया विभक्तीत येतो, आणि आपण "त्यानं करावं" म्हणतो त्यातल्या 'नं'ची जागा ही तीच. मला याहून विलक्षण वाटतं ते असं की संस्कृत नाटकांत 'भवितव्यम्' हे रूप अंदाजासाठीही वापरलेलं दिसतं. कुणाची तरी चाहूल लागते आणि पात्र म्हणतं, हा अमुक असला पाहिजे. म्हणजे बंधनाच्या शब्दानं अंदाज करण्याची सवय आपल्याकडे इंग्रजी येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे.

इंग्रजीतही प्रवास त्याच दिशेनं झाला. मे ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून आला त्याचा अर्थ होता बळ असणं, समर्थ असणं. कॅन मूळचा 'जाणणे' या अर्थाचा. मस्ट तर एके काळी परवानगी सांगणाऱ्या क्रियापदाचं भूतकाळी रूप होता. शुड हा शॅलचा भूतकाळ, आणि शॅलचा जुना अर्थ 'देणं लागणे' असा होता. सुरुवातीला हे शब्द माणसाचं सामर्थ्य, ज्ञान आणि देणं यांबद्दल बोलत होते. अंदाजाचे अर्थ नंतर येऊन चिकटले. आपला 'पाहिजे' हा शब्दही असाच, 'पाहणे' या क्रियापदाच्या जुन्या कर्मणी रूपातून आलेला. मुळात त्याचा अर्थ 'पाहिलं जातं, शोधलं जातं' असा होता.

आता 'नाही'कडे येऊ.

"रमेश मस्ट गो" म्हणजे रमेशनं गेलंच पाहिजे. यात 'नॉट' घातलं की होतं, "रमेश मस्ट नॉट गो". मराठी विद्यार्थी याचा अर्थ पुष्कळदा 'रमेशनं गेलंच पाहिजे असं नाही' असा लावतात, आणि तो साफ चुकतो. याचा अर्थ 'रमेशनं जाता कामा नये' असा आहे. 'नॉट' जाण्याला लागला आहे, बंधनाला नाही. बंधन जिथल्या तिथे आहे, फक्त ते आता न जाण्याचं आहे. बंधनच नसेल तर इंग्रजीला वेगळे शब्द घ्यावे लागतात: "रमेश नीड नॉट गो" किंवा "रमेश डझन्ट हॅव टू गो". ही चूक आपणच करतो असं नाही. जर्मन माणसंही इंग्रजी शिकताना इथेच अडखळतात, कारण त्यांच्या भाषेत मस्टच्या जागी असलेल्या शब्दाला 'नाही' लावलं की 'गरज नाही' असा अर्थ होतो.

परिणाम काय होतो ते बघा. एखाद्या नव्या सहकाऱ्याला आपण सौजन्यानं लिहितो, "यू मस्ट नॉट कम ऑन सॅटरडे". मनात असतं, शनिवारी यायलाच हवं असं काही नाही, सवड असेल तर या. तो वाचतो, शनिवारी इथे फिरकू नका.

अंदाजाच्या मस्टला 'नाही' लावायचं तर गंमत आणखी वेगळी. "रमेश मस्ट बी अ‍ॅट होम" म्हणजे रमेश घरीच असणार. याच्या उलट, रमेश घरी असणं शक्यच नाही, त्याला मी आत्ता स्टेशनवर बघितलं. हे सांगताना ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत मस्ट बाजूला होतो आणि कॅन पुढे येतो: "रमेश कान्ट बी अ‍ॅट होम". अमेरिकेत अंदाजासाठी मस्ट नॉटही सर्रास ऐकू येतं, म्हणजे 'तिला ऐकू आलं नसणार' याला तिकडे "शी मस्ट नॉट हॅव हर्ड मी" म्हणतात. पण आपल्याकडची पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची असल्यामुळे परीक्षेत कान्ट हेच उत्तर अपेक्षित असतं.

मस्ट जाऊन कॅन का येतो, हे क्रॅट्झर यांची मांडणी लक्षात असली की आपोआप कळतं. 'हेच एक उरतं' याच्या दुसऱ्या टोकाला 'याला वाव नाही' हे आहे. कॅन आणि मे हे दोघं वाव सांगणारे शब्द आहेत. त्यांना 'नाही' लावलं की वाव संपतो, आणि वाव संपणं म्हणजे उलट बाजूची सक्तीच. घरी असायला वाव नाही, म्हणजे घराबाहेरच असणार. आत यायला परवानगी नाही, म्हणजे बाहेरच थांबलं पाहिजे.

मे नॉट हा मला या सगळ्यात सर्वांत धोक्याचा जोड वाटतो. एका शाळेची इंग्रजी सूचना एकदा माझ्याकडे मराठी करून तपासायला आली होती. मूळ वाक्य होतं, "स्टुडंट्स मे नॉट लीव्ह द कॅम्पस ड्यूरिंग द ब्रेक". मराठी करणाऱ्यानं लिहिलं होतं, "मधल्या सुट्टीत विद्यार्थी कदाचित आवाराबाहेर जाणार नाहीत." शब्दाला शब्द लावला तर यात काही चुकलेलं नाही. मे म्हणजे कदाचित, नॉट म्हणजे नाही. पण सूचना काढणारी शाळा अंदाज करत नव्हती, ती बंदी घालत होती. योग्य मराठी साधं आहे: "मधल्या सुट्टीत विद्यार्थ्यांना आवाराबाहेर जाता येणार नाही."

इथे नेमकं काय झालं? बंधनाच्या अर्थात 'नॉट' मे याच्या बाहेर बसतो: परवानगी आहे, तीच नाकारली. अंदाजाच्या अर्थात 'नॉट' आतल्या क्रियेला लागतो: न जाण्याची शक्यता आहे. एकच वाक्य, आणि 'नाही' कुठे बसवला यावर अर्थ पूर्ण फिरतो. "रमेश मे नॉट अटेंड द मीटिंग" असा निरोप आला तर त्याच्या येण्याची खात्री नाही, की त्याला मनाई आहे, हे त्या पाच-सहा शब्दांवरून सांगता येत नाही. निरोप मीटिंगची तयारी करणाऱ्याकडून आला असेल तर पहिला अर्थ घ्यायचा, साहेबांकडून आला असेल तर दुसरा. लिहिताना मात्र ही जोखीम घेऊच नये असं मला मनापासून वाटतं. मनाई असेल तर "इज नॉट अलाउड टू" लिहावं, शंका असेल तर "माइट नॉट" लिहावं. माइटमध्ये आजच्या बोलण्यात परवानगीचा अर्थ जवळजवळ उरलेला नाही, म्हणून तो सुरक्षित.

कॅनबाबत आपली एक ठरलेली चूक आहे, आणि ती थेट मराठीतून येते. आपण म्हणतो, "आज पाऊस येऊ शकतो," "तो घरी असू शकतो." मराठीत 'शकणे' हे सामर्थ्य सांगतं, परवानगी सांगतं आणि अंदाजही सांगतं. म्हणून आपण सहज म्हणून जातो, "इट कॅन रेन टुडे". इंग्रजी कानाला हे खटकतं. कॅन होकारार्थी वाक्यात एखाद्या ठरावीक वेळेचा अंदाज सांगत नाही, त्यासाठी मे, माइट किंवा कुड लागतो: "इट मे रेन टुडे". कॅन चालतो तो 'अधूनमधून असं होतं' या अर्थी. महाबळेश्वरला कधी कधी फार थंडी पडते, याला "इट कॅन बी व्हेरी कोल्ड इन महाबळेश्वर" हे अगदी बरोबर आहे. नकारात आणि प्रश्नात मात्र कॅनला अंदाज करता येतो: कान्ट बी म्हणजे असणं शक्य नाही, आणि "कॅन इट बी ट्रू?" म्हणजे हे खरं असेल का?

काळ बदलला की काय होतं, ते 'मस्ट हॅव' आणि 'हॅड टू' यांच्या जोडीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. "रमेश मस्ट हॅव गॉन" म्हणजे रमेश गेला असणार. "रमेश हॅड टू गो" म्हणजे रमेशला जावं लागलं. पहिल्यात फक्त अंदाज आहे, तिथे बंधनाला जागाच नाही. याचं कारण भाषेबाहेरचं आहे. होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल आज अंदाज करता येतो, पण होऊन गेलेल्या गोष्टीचा आज हुकूम सोडता येत नाही. पहिल्या वाक्यात जाणं काल झालं, पण अंदाज आजचा आहे. दुसऱ्या वाक्यात जाणंही कालचं आणि सक्तीही कालची. आपल्या भाषेत हा फरक 'असणार' आणि 'लागलं' या दोन शब्दांनी स्वच्छ उमटतो, म्हणून इंग्रजी वाक्य बनवण्याआधी ते मराठीत म्हणून बघणं फायद्याचं ठरतं. मी विद्यार्थ्यांना हेच करायला लावतो. 'लागलं' आलं तर हॅड टू, 'असणार' आलं तर मस्ट हॅव.

शुडनं मात्र भूतकाळात दोन्ही अर्थ सांभाळले आहेत. "रमेश शुड हॅव रीच्ड बाय नाऊ" याचं मराठी "एव्हाना रमेश पोहोचायला हवा होता" असं होतं. "रमेश शुड हॅव कॉल्ड" याचं "रमेशनं फोन करायला हवा होता." पहिल्यात अंदाज आणि थोडी काळजी आहे, दुसऱ्यात ठपका आहे. आणि बघा, मराठीत इथेही तेच झालं. अंदाजाच्या वाक्यात रमेश मोकळा आहे, ठपक्याच्या वाक्यात त्याला 'नं' लागला आहे.

शुड आणि मस्ट यांच्या अंदाजांत जो फरक आहे तो फक्त कमी-जास्त खात्रीचा असल्याचं पुष्कळ पुस्तकं सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण दोघांची तर्क करण्याची दिशाच वेगळी आहे. समजा रमेश रोज सहाला घरी येतो आणि आता सात वाजलेत. आपण म्हणतो, "रमेश शुड बी होम बाय नाऊ", म्हणजे रमेश एव्हाना घरी असायला हवा. इथे आपण रोजच्या शिरस्त्यावरून आजच्या दिवसाकडे येतो, कारणाकडून परिणामाकडे. आता समजा त्याच्या खिडकीत दिवा दिसला. मग आपण "रमेश मस्ट बी होम" म्हणतो, म्हणजे रमेश घरी असणार. इथे आपण परिणाम पाहून कारणाकडे मागे जातो. दिवा दिसल्यावर 'असायला हवा' म्हणणं आपल्यालाही मराठीत जरा विचित्र वाटेल.

याची आणखी एक कसोटी आहे. "रमेश घरी असायला हवा, पण तो नाही" हे वाक्य चालतं. शिरस्ता मोडला, एवढंच त्यात आहे. "रमेश घरीच असणार, पण तो नाही" हे वाक्य उभंच राहत नाही. इंग्रजीतही शुडनंतर "बट ही इझन्ट" जोडता येतं, मस्टनंतर जोडता येत नाही. शिरस्त्यावर उभा असल्यामुळेच शुडला अनपेक्षित आणि अशुभ गोष्टींचा अंदाज फारसा जमत नाही. रस्त्यावर गर्दी आणि अँब्युलन्स दिसली तर आपण अपघात झाला असणार म्हणतो, मस्ट हॅव म्हणतो. 'अपघात झाला असायला हवा' असं कुणाच्या तोंडी येत नाही.

मस्ट खात्रीचा, पण तो नेमका किती खात्रीचा यावर भाषाशास्त्रज्ञांत बराच वाद झाला. लाउरी कार्टुनेन यांनी 1972 मध्ये एक खोच दाखवली. बाहेरून येणाऱ्यांच्या ओल्या छत्र्या बघून आपण "इट मस्ट बी रेनिंग" म्हणतो, पण खिडकीतून समोर पाऊस दिसत असताना तसं म्हणत नाही, तेव्हा सरळ "इट इझ रेनिंग" म्हणतो. यावरून निघतं की मस्ट घातलेलं वाक्य साध्या वाक्यापेक्षा दुबळं आहे. काई फॉन फिंटेल आणि अँथनी गिलीस यांनी 2010 मध्ये याला उत्तर दिलं: मस्ट दुबळा नाही, तो फक्त 'मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पुराव्यावरून काढलंय' एवढं सांगतो. मला या दोघांचं पटतं, आणि त्याला आधार मराठीतला आहे. 'पाऊस पडत असणार' म्हणताना आपल्याला शंका नसते. आपण फक्त खिडकीपाशी उभे नसतो. शंका असेल तेव्हा आपण 'असेल' म्हणतो, थोडा भरवसा असेल तर 'असावा' म्हणतो.

बोलताना एखादं वाक्य कोणत्या बाजूचं आहे हे आपण कसं ओळखतो? पहिली खूण क्रियापदाची. असणं, माहीत असणं, झोपलेलं असणं अशा स्थितीच्या वाक्यांत मस्ट सहसा अंदाजाचा असतो. जाणं, लिहिणं, भरणं अशा कृतीच्या वाक्यांत तो सहसा बंधनाचा असतो. "रमेश मस्ट नो द आन्सर" म्हणजे त्याला उत्तर माहीत असणार, "रमेश मस्ट पे द फी" म्हणजे त्यानं फी भरलीच पाहिजे. दुसरी खूण म्हणजे ती गोष्ट माणसाच्या हातात आहे का. "यू मस्ट बी टायर्ड" म्हणजे तुम्ही दमला असणार, कारण दमण्याचा हुकूम देता येत नाही. "यू मस्ट बी केअरफुल" म्हणजे सांभाळून राहा, कारण सांभाळणं आपल्या हातात आहे. दोन्ही वाक्यांची घडण एकच आहे, फक्त एक विशेषण बदललं.

या खुणा बोलण्यात पुरतात, कारण माणूस समोर असतो आणि विचारता येतं. कायद्यात आणि तांत्रिक मानकांत तसं विचारता येत नाही. कायद्यांच्या मराठीत म्हणूनच एक शिस्त पाळलेली दिसते: अधिकार किंवा मुभा दिली असेल तर 'करता येईल', आणि कर्तव्य घातलं असेल तर 'करील'. तरीही 'करता येईल' या अधिकारामागे कर्तव्य लपलं आहे का, असा वाद कोर्टात जातोच. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर 1880 मध्ये ऑक्सफर्डच्या बिशपविरुद्धचा जो खटला चालला, तो याच मुद्द्याचा होता: कायद्यात मुभेचा शब्द आहे, मग कारवाई करण्याची सक्ती बिशपवर येते का? त्या खटल्यात सक्ती नसल्याचं ठरलं. पण मुभेचा शब्द मुभेचाच राहतो, आणि त्याच्याशी कर्तव्य जोडलं गेलं असेल तर ते कायद्याच्या हेतूवरून आणि परिस्थितीवरून शोधावं लागतं, हे त्यात मांडलेलं तत्त्व भारतातल्या न्यायालयांतही आजवर चर्चेत येतं.

इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न अगदी वेगळ्या पद्धतीनं सोडवला. संगणक एकमेकांशी कसे बोलतील याचे नियम ज्या दस्तऐवजांत असतात, त्यांत मस्ट म्हणजे काय आणि शुड म्हणजे काय यावर मतभेद झाले तर दोन कंपन्यांची यंत्रं जुळत नाहीत. म्हणून मार्च 1997 मध्ये RFC 2119 नावाचं एक छोटंसं टिपण निघालं. त्यात प्रत्येक शब्दाला एकच अर्थ बांधून दिला, आणि सगळे अर्थ बंधनाच्या बाजूचे. `MUST` म्हणजे अट, तिला अपवाद नाही. `MAY` म्हणजे ऐच्छिक. `SHOULD` म्हणजे सहसा करावंच, पण एखाद्या विशिष्ट परिस्थितीत न करण्याला सबळ कारण असू शकतं, आणि तेव्हा परिणामांचा पूर्ण विचार करून मगच सोडावं. मला या तिन्हींत शुडची व्याख्या सगळ्यात जास्त आवडते, कारण आपल्या 'करायला हवं' या शब्दात जे दडलेलं आहे ते तिथे उघड करून लिहिलंय.

तरी लोकांचा गोंधळ पूर्ण थांबला नाही. दस्तऐवजात मधेच साध्या अक्षरांत आलेला मे नियमातला आहे, की लिहिणाऱ्यानं सहज 'असंही होऊ शकतं' म्हटलंय, असा प्रश्न पडू लागला. मग 2017 मध्ये RFC 8174 काढून स्पष्ट करावं लागलं की बांधून दिलेला अर्थ फक्त शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत असेल तेव्हाच लागू होतो. छोट्या अक्षरांत लिहिलेला `may` हा इंग्रजीतला नेहमीचा मे, आणि त्याचा अर्थ वाचणाऱ्यानं आजूबाजूच्या वाक्यांवरून लावायचा.